नफा भागिले भांडवल: गुणोत्तराचे उद्दिष्ट सरळ रेषेत आणण्याची युक्ती

लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये सगळा हिशेब सरळ रेषांचा असतो. काय किती करायचे ते चल असतात, साधनांच्या मर्यादा अटी म्हणून येतात, आणि नफा किंवा खर्च हे उद्दिष्ट असते. या प्रत्येक ठिकाणी चलांना ठरावीक आकड्यांनी गुणून केलेली बेरीज असते, याहून अधिक काही नसते. मात्र व्यवहारात विचारले जाणारे प्रश्न पुष्कळदा बेरजेचे नसून भागाकाराचे असतात. गुंतवलेल्या रुपयामागे किती सुटले, खर्च झालेल्या तासामागे किती माल निघाला, एका लिटरमागे किती अंतर कापले गेले, अशा प्रश्नांत अंशही चलांवर अवलंबून असतो आणि छेदही. अंश आणि छेद स्वतंत्रपणे सरळ रेषेचे असले तरी त्यांचा भागाकार तसा राहत नाही, आणि म्हणून हा प्रश्न लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरला जसाच्या तसा देता येत नाही.

अब्राहम चार्न्स आणि विल्यम कूपर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६२ साली दाखवून दिले की चल बदलले की हा भागाकाराचा प्रश्न साध्या लिनिअर प्रोग्रॅममध्ये रूपांतरित होतो, आणि त्यात उत्तराची अचूकता तसूभरही कमी होत नाही. ही युक्ती कशी चालते, का चालते आणि कुठे फसते, हे एका छोट्या उदाहरणावरून पाहू. उदाहरणातले आकडे हाताने पडताळता यावेत म्हणून मुद्दाम लहान ठेवले आहेत.

समजा, लोखंडी फर्निचर बनवणारा एक छोटा कारखाना आहे आणि तो कपाटे व टेबले बनवतो. एका कपाटाला वेल्डिंगचे ६ तास लागतात, टेबलाला ३ तास, आणि आठवड्यात वेल्डिंगचे ४८ तास उपलब्ध आहेत. रंग देऊन वाळवण्याची जागा अपुरी असल्यामुळे आठवड्यात कपाटे आणि टेबले मिळून १० नगच रंगवून होतात. कपाटामागे ५०० रुपये सुटतात आणि टेबलामागे २००. काही बनवले किंवा न बनवले तरी आठवड्याला ४०० रुपयांचा ठरलेला खर्च आहेच. पत्रा, पट्ट्या, रंग आणि मजुरी धरून एका कपाटात ७,००० रुपये अडकतात, टेबलात २,०००, आणि याशिवाय १०,००० रुपये हत्यारांत व अनामत रकमेत कायमचे अडकलेले आहेत. मालकाला आठवड्याचा नफा आणि अडकलेले भांडवल यांचे गुणोत्तर जास्तीत जास्त हवे आहे.

कपाटांची संख्या x आणि टेबलांची y मानू. नफा शंभरांत आणि भांडवल हजारांत मोजले, तर प्रश्न असा लिहिता येतो:

```
maximise   (5x + 2y - 4) / (7x + 2y + 10)
           6x + 3y <= 48
            x +  y <= 10
            x, y >= 0
```

या मोजमापात गुणोत्तराला १० ने गुणले की आठवड्याचा शेकडा परतावा मिळतो.

रीतसर उत्तर काढण्यापूर्वी, घाईने सुचणारी दोन उत्तरे तपासून पाहणे उपयोगाचे आहे. पहिले उत्तर म्हणजे नफाच जास्तीत जास्त करावा. तसे केले तर ८ कपाटे आणि शून्य टेबले येतात, नफा ३,६०० रुपये, भांडवल ६६,००० रुपये, म्हणजे परतावा ५.४५ टक्के. दुसरे उत्तर म्हणजे प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र परतावा काढावा आणि जी सरस ठरेल तीच बनवावी. कपाटाला ७,००० रुपयांवर ५०० रुपये, म्हणजे सुमारे ७ टक्के मिळतात, तर टेबलाला २,००० रुपयांवर २०० रुपये, म्हणजे १० टक्के. टेबल स्पष्टपणे सरस आहे. पण नुसती १० टेबले बनवली तर नफा १,६०० रुपये आणि भांडवल ३०,००० रुपये होते, आणि परतावा ५.३३ टक्क्यांवर येतो, म्हणजे पहिल्यापेक्षाही कमी. याचे कारण असे की ठरलेला खर्च आणि कायम अडकलेली रक्कम यांचा भार दहा टेबलांना पेलत नाही, आणि तो भार पेलण्यासाठी कपाटांतून येणारा मोठा नफा लागतो. ६ कपाटे आणि ४ टेबले बनवली तर नफा ३,४०० रुपये, भांडवल ६०,००० रुपये आणि परतावा ५.६७ टक्के येतो, जो आधीच्या दोन्हींहून अधिक आहे. हेच सर्वोत्तम आहे का, आणि असल्यास ते पद्धतशीरपणे कसे सापडते, हा आता प्रश्न आहे.

इथे एक बारकावा सांगायला हवा. गुणोत्तर जर उद्दिष्टात नसून अटीत असते, म्हणजे «परतावा निदान ५ टक्के हवा» एवढेच म्हणायचे असते, तर काहीच अडचण नव्हती. छेद धन आहे, म्हणून दोन्ही बाजूंना छेदाने गुणून टाकले की सरळ रेषेची एक साधी अट उरते. अडचण तेव्हाच येते, जेव्हा ती ५ टक्क्यांची पातळीच आपल्याला माहीत नसते आणि ती किती वर नेता येईल हेच शोधायचे असते.

हीच गोष्ट आलेखावर पाहिली तर बरेच उलगडते. ज्या सर्व जोड्यांना गुणोत्तर एकच येते, त्या जोड्या एका सरळ रेषेवर असतात. अंश बरोबर पातळी गुणिले छेद, हे समीकरण कोणत्याही ठरावीक पातळीसाठी सरळ रेषेचेच आहे. नेहमीच्या लिनिअर प्रोग्रॅममध्ये समान नफ्याच्या रेषा एकमेकींना समांतर असतात आणि आपण ती रेषा सरकवत नेतो. इथे रेषा समांतर नाहीत. अंश आणि छेद दोन्ही शून्य होतात अशा एकाच बिंदूतून त्या सगळ्या जातात, आणि आपल्या उदाहरणात तो बिंदू x = -7, y = 19.5 हा आहे. त्यामुळे पातळी वाढवत गेलो की रेषा बिजागरीवर फिरणाऱ्या दारासारखी त्या बिंदूभोवती फिरते. फिरता फिरता ती शक्य उत्पादनांच्या बहुभुजाला शेवटचा स्पर्श जिथे करते तिथे उत्तर असते, आणि सरळ रेषेचा बहुभुजाला शेवटचा स्पर्श कुठल्यातरी कोपऱ्यातच होतो (किंवा एखाद्या संपूर्ण कडेला, पण त्या कडेच्या टोकांनाही कोपरेच असतात). म्हणजे उद्दिष्ट सरळ रेषेचे नसूनही उत्तर कोपऱ्यांतच शोधायचे आहे. हे लक्षात आले की या प्रश्नाच्या आत साधा लिनिअर प्रोग्रॅम दडलेला असावा, अशी शंका यायला हरकत नाही.

आता युक्ती. गुणोत्तराचा एक गुण असा की अंश आणि छेद एकाच धन संख्येने गुणले तर ते बदलत नाही. ३,४०० भागिले ६०,००० आणि ३४ भागिले ६०० यांत फरक नाही. याचा अर्थ, गुणोत्तराच्या दृष्टीने उत्पादनाचा आकार आपण आपल्या सोयीने लहानमोठा करू शकतो, फक्त सगळे काही एकाच प्रमाणात लहानमोठे व्हायला हवे. मग हे स्वातंत्र्य वापरून छेदच नेमका १ करून टाकला तर? छेद १ झाला की भागाकार उरतच नाही, आणि उद्दिष्टात फक्त अंश राहतो.

त्यासाठी t नावाचा नवा चल घ्यायचा, आणि तो छेदाचा व्यस्त मानायचा, म्हणजे t = 1/(7x + 2y + 10). त्याने जुन्या चलांना गुणून u = x·t आणि v = y·t असे नवे चल बनवायचे. आता जुन्या प्रश्नातील प्रत्येक ओळ t ने गुणायची. अंश 5x + 2y - 4 चा 5u + 2v - 4t होतो. वेल्डिंगची अट 6u + 3v <= 48t अशी होते आणि रंगकामाची u + v <= 10t अशी. छेद t ने गुणल्यावर १ येतो, आणि हे t च्या व्याख्येतूनच निघते, तेव्हा ते समीकरण म्हणून वेगळे लिहायचे:

```
maximise   5u + 2v - 4t
           6u + 3v - 48t <= 0
            u +  v - 10t <= 0
           7u + 2v + 10t  = 1
           u, v, t >= 0
```

यात कुठेही भागाकार नाही, दोन चलांचा गुणाकारही नाही. दोन चलांऐवजी तीन झाले आणि एक समीकरण वाढले, एवढीच काय ती किंमत मोजावी लागली. हजारो चलांच्या प्रश्नातही नेमके एकच चल आणि एकच समीकरण वाढते, म्हणून ही किंमत नगण्य म्हणावी लागेल.

दोन्ही प्रश्न खरोखर एकच आहेत का, हे दोन दिशांनी तपासायचे असते. जुन्या प्रश्नातील कोणतीही शक्य जोडी घेतली तर तिच्यापासून वरच्या रीतीने u, v, t मिळतात, ते नव्या अटी पाळतात आणि उद्दिष्टाची किंमत तीच राहते. उलट दिशेने, नव्या प्रश्नातील कोणतेही शक्य u, v, t घेतले आणि t शून्याहून मोठा असला, तर u आणि v ना t ने भागून x आणि y परत मिळतात, आणि त्यांचे गुणोत्तर नव्या उद्दिष्टाइतकेच भरते. दोन शर्तींवर हे सारे उभे आहे: छेद सर्वत्र धन असावा, आणि t शून्य होऊ नये. त्यांच्याकडे पुढे येऊ.

पायथनमध्ये हा प्रश्न सोडवायला एवढ्या ओळी पुरतात. हे फंक्शन किमान शोधते, म्हणून उद्दिष्टाची चिन्हे उलटी केली आहेत:

```python
from scipy.optimize import linprog

r = linprog([-5, -2, 4],
            A_ub=[[6, 3, -48], [1, 1, -10]], b_ub=[0, 0],
            A_eq=[[7, 2, 10]], b_eq=[1])
u, v, t = r.x
print(u/t, v/t, -r.fun, t)
```

उत्तर u = 0.1, v = 0.0667 आणि t = 0.01667 येते. शेवटचा आकडा म्हणजे 1/60, आणि त्यावरून भांडवल ६० हजार असल्याचे लगेच कळते. भागाकार केला की ६ कपाटे आणि ४ टेबले मिळतात, आणि उद्दिष्टाची किंमत 0.5667, म्हणजे ५.६७ टक्के.

हे उत्तर सर्वोत्तम आहे याची खात्री सॉफ्टवेअरवर न विसंबता करता येते, आणि तो मार्ग मला या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. नव्या प्रश्नाच्या दोन अटींच्या छाया-किमती, म्हणजे ती अट थोडी सैल केली तर उद्दिष्ट किती वाढेल हे सांगणारे आकडे, वेल्डिंगसाठी 1/18 आणि रंगकामासाठी 0.7 असे येतात. आता जुन्या प्रश्नातील वेल्डिंगच्या अटीला 1/18 ने आणि रंगकामाच्या अटीला 0.7 ने गुणून बेरीज करा. डाव्या बाजूला 1.0333x + 0.8667y येते आणि उजव्या बाजूला 9.6667. दुसरीकडे, अंशातून छेदाची 17/30 पट (म्हणजेच 0.5667 पट) वजा केली तर 1.0333x + 0.8667y - 9.6667 उरते. हे दोन्ही शेजारी ठेवले की स्पष्ट होते: कोणत्याही शक्य उत्पादनासाठी ही वजाबाकी शून्याहून मोठी होऊच शकत नाही, म्हणून कोणत्याही उत्पादनाचे गुणोत्तर 0.5667 च्या वर जाऊ शकत नाही. आपल्या उत्तराने ती मर्यादा गाठलेली आहे, त्यामुळे पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही.

छाया-किमती वाचताना मात्र एक चूक हमखास होते. नव्या प्रश्नात अटींच्या उजव्या बाजूला शून्य आहे, कारण ४८ आणि १० हे आकडे t चे गुणक बनून डावीकडे गेले आहेत. सॉफ्टवेअर जी छाया-किंमत देते ती त्या शून्यात होणाऱ्या वाढीची असते, वेल्डिंगच्या एका तासाची नसते. एका तासाने मर्यादा वाढली तर उजवी बाजू t ने वाढते, म्हणून खरी किंमत काढण्यासाठी छाया-किमतीला t ने गुणावे लागते. वेल्डिंगच्या जादा तासाची किंमत 1/18 भागिले ६०, म्हणजे सुमारे 0.0009 आहे. प्रत्यक्ष पडताळून पाहिले आणि ४८ ऐवजी ४९ तास धरले, तर गुणोत्तर 0.56667 वरून 0.56757 होते, म्हणजे वाढ तेवढीच. जो कोणी 1/18, म्हणजे 0.056, हा आकडा थेट «एका तासाने वाढणारा परतावा» म्हणून अहवालात घालील, त्याचे अनुमान साठपट फुगलेले असेल.

रंगकामाच्या जागेबाबत तर आणखी वेगळीच गोष्ट दिसते. तिथे १० ऐवजी ११ नगांची सोय झाली तर नवे उत्तर ५ कपाटे आणि ६ टेबले असे येते. परतावा ५.६७ वरून ५.७९ टक्क्यांवर जातो, पण नफा ३,४०० वरून ३,३०० रुपयांवर उतरतो. साधन वाढले आणि नफा घटला, हे वाचून हिशेबात गफलत झाल्याची शंका येईल, पण गफलत नाही. भांडवल ६० हजारांवरून ५७ हजारांवर आले आणि आपण विचारलेला प्रश्न नफ्याचा नव्हताच.

म्हणून गुणोत्तर हे उद्दिष्ट निवडण्यापूर्वी ते खरोखर आपल्याला हवे आहे का, हे तपासावे, असे माझे मत आहे. ६ कपाटे आणि ४ टेबले यांवरून ८ कपाटांवर गेलो तर ६,००० रुपये जादा अडकतात आणि २०० रुपये जादा सुटतात. या जादा रकमेवर आठवड्याला ३.३३ टक्के मिळतात. हा दर सरासरी ५.६७ टक्क्यांहून कमी आहे, त्यामुळे गुणोत्तर खाली येते. पण मालकाला ते ६,००० रुपये आठवड्याला ३.३३ टक्क्यांहून बऱ्याच कमी व्याजाने मिळत असतील, तर ८ कपाटेच बनवणे शहाणपणाचे आहे आणि गुणोत्तर जास्तीत जास्त करण्याच्या हट्टात त्याचे पैसे बुडतात. वाचलेले भांडवल तितक्याच परताव्याच्या दुसऱ्या कामात लावता येत असेल, किंवा दोन कारखान्यांची तुलनाच गुणोत्तरावर होणार असेल, तरच गुणोत्तराचे उद्दिष्ट सार्थ ठरते.

आता युक्ती फसण्याच्या जागा. सर्वांत वारंवार दिसणारी चूक म्हणजे एखादी अट t ने गुणायची राहून जाणे. वर लिहिलेल्या मोठ्या अटी सहसा कोणी विसरत नाही, पण «निदान २ टेबले हवीतच» किंवा «५ पेक्षा जास्त कपाटे नकोत» अशा लहान मर्यादा सॉफ्टवेअरच्या वेगळ्या रकान्यात थेट आकडा म्हणून टाकण्याची सवय असते, आणि तिथे त्या जुन्याच आकड्यांत राहून जातात. नव्या प्रश्नात त्या v >= 2t आणि u <= 5t अशाच लिहाव्या लागतात, म्हणजे त्या रकान्यातून काढून अटींच्या यादीत आणाव्या लागतात. विसरल्यास काय होते पाहा: नव्या चलांच्या किमती 0.1 किंवा 0.0667 अशा चिमुकल्या असतात, त्यामुळे u <= 5 ही अट कधीच आड येत नाही आणि मर्यादा मुकाट्याने नाहीशी होते. उलट v >= 2 अशी अट ठेवली तर समीकरणात एकूण जागाच १ असल्यामुळे प्रश्न अशक्य ठरतो. दुसरा प्रकार निदान ओरडून सांगतो. पहिला गप्प राहून चुकीचे उत्तर देतो, आणि ते टाळण्याचा एकच उपाय म्हणजे शेवटी मिळालेले x आणि y मूळ प्रश्नाच्या प्रत्येक अटीत घालून पाहणे.

दुसरी जागा t शून्य येण्याची. समजा, वेल्डिंग आणि रंगकाम या दोन्ही मर्यादा काढून टाकल्या. मग टेबले वाढवत गेलो की ठरलेल्या खर्चाचा भार पातळ होत जातो आणि गुणोत्तर टेबलाच्या स्वतःच्या गुणोत्तराकडे, म्हणजे १ कडे सरकते, पण तिथे ते कोणत्याही मर्यादित उत्पादनाला पोहोचत नाही. नवा लिनिअर प्रोग्रॅम अशा वेळी u = 0, v = 0.5, t = 0 हे उत्तर देतो आणि उद्दिष्टाची किंमत १ दाखवतो. ही किंमत चूक नाही. ती गुणोत्तराची गाठता न येणारी वरची सीमा आहे, आणि t शून्य आहे म्हणून x आणि y काढता येत नाहीत, कारण उत्पादन अनंताकडे निघाले आहे. तेव्हा कोडमध्ये भागाकारापूर्वी t तपासणे आवश्यक आहे. तो शून्य आला तर बहुधा एखादी मर्यादा लिहायची राहून गेली आहे किंवा ती t ने गुणायची राहिली आहे.

याच्याच जवळची एक अडचण मोजमापाच्या एककांतून येते. आपण भांडवल हजारांत मोजले म्हणून t हा 1/60 आला. तेच रुपयांत मोजले असते तर तो 1/60000 आला असता, आणि दहा कोटींच्या भांडवलाच्या कारखान्यात तो एक भागिले दहा कोटी इतका सूक्ष्म झाला असता. लिनिअर प्रोग्रॅमिंगची सॉफ्टवेअरे अटींच्या पालनात दहा लाखांश किंवा एक कोट्यांश एवढी चूक चालवून घेतात. त्या चुकीच्या आकाराचाच t असेल तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो आणि शून्य यांत भेद राहत नाही, आणि त्याने भागून आलेले x व y वाटेल तसे असू शकतात. उपाय सोपा आहे: भांडवल लाखांत किंवा कोटींत मोजावे, किंवा समीकरणाच्या उजव्या बाजूला १ ऐवजी मोठा आकडा ठेवून शेवटी त्याच आकड्याने उद्दिष्ट भागावे. t ची किंमत साधारण एक शतांश ते शंभर यांच्या दरम्यान राहील अशी एकके निवडली की निश्चिंत राहता येते.

छेदाच्या चिन्हाची शर्त आपल्या उदाहरणात आपोआप पाळली जाते, कारण भांडवल १० हजारांखाली जात नाही. छेद सर्वत्र ऋण असेल तर अंश आणि छेद दोहोंची चिन्हे उलटवावीत. पण छेद काही ठिकाणी धन आणि काही ठिकाणी ऋण असेल, तर मधे कुठेतरी तो शून्य होतो आणि तिथे गुणोत्तराला अर्थच उरत नाही. असा छेद आला तर, माझ्या मते, गणित पुढे रेटण्यापूर्वी प्रश्नाची मांडणीच पुन्हा तपासावी.

चार्न्स आणि कूपर यांच्या या युक्तीचा सर्वांत गाजलेला वापर त्यांनीच एडवर्डो ऱ्होड्स यांच्यासह १९७८ साली केला. शाळा किंवा रुग्णालये अशा संस्थांची कार्यक्षमता मोजण्यासाठी त्यांनी फलितांची भारित बेरीज भागिले साधनांची भारित बेरीज असे गुणोत्तर घेतले, आणि प्रत्येक संस्थेला स्वतःला सर्वांत अनुकूल असे भार निवडू दिले. अट एवढीच की त्याच भारांनी तिच्यासकट कोणत्याही संस्थेचे गुणोत्तर १ च्या वर जाता कामा नये. तिथेही साधनांची भारित बेरीज १ मानली की प्रत्येक संस्थेमागे एक साधा लिनिअर प्रोग्रॅम उरतो. डेटा एन्व्हेलपमेंट ॲनालिसिस या नावाने ती पद्धत आज ओळखली जाते.

एक मर्यादा मात्र चल बदलून ओलांडता येत नाही. कपाटे पूर्णांकातच बनतात, आणि आपल्या उदाहरणात ६ आणि ४ आले हा आकड्यांच्या निवडीचा भाग आहे. ४९ तासांच्या प्रश्नात ६.३३ कपाटे आणि ३.६७ टेबले येतात. नव्या प्रश्नात «x पूर्णांक असावा» ही अट u भागिले t पूर्णांक असावा अशी होते, आणि ती सरळ रेषेची नसल्यामुळे नेहमीच्या पूर्णांक सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. अशा वेळी वेर्नर डिंकेलबाख यांनी १९६७ साली मांडलेला दुसरा मार्ग कामी येतो. त्यात चल बदलत नाहीत. गुणोत्तराची एक पातळी धरायची, अंशातून छेदाची तितकी पट वजा करायची आणि ती वजाबाकी जास्तीत जास्त करायची. आलेल्या उत्पादनाचे खरे गुणोत्तर काढून तीच नवी पातळी धरायची आणि पुन्हा सोडवायचे.

आपल्या उदाहरणात पातळी शून्य धरून सुरुवात केली तर प्रश्न फक्त नफ्याचा होतो, ८ कपाटे येतात आणि नवी पातळी 0.5455 मिळते. तिने पुन्हा सोडवले तर ६ कपाटे आणि ४ टेबले येतात, वजाबाकी 1.27 इतकी धन असते, म्हणजे सुधारणा झाली, आणि नवी पातळी 0.5667 होते. तिसऱ्यांदा सोडवल्यावर वजाबाकी नेमकी शून्य येते, आणि तिथे थांबायचे. प्रत्येक फेरीत x आणि y आपल्या मूळ रूपातच असल्यामुळे पूर्णांकाची अट त्यांच्यावर बिनदिक्कत लावता येते. ४९ तासांचा प्रश्न पूर्णांकांसह असा सोडवला तर उत्तर पुन्हा ६ आणि ४ हेच येते, कारण ६ आणि ३ तासांच्या पूर्ण कामांत एकोणपन्नासावा तास बसतच नाही. छाया-किमतीने त्या तासाला जो 0.0009 चा भाव लावला होता, तो अपुऱ्या कपाटाचा होता.